वीणा पहिल्यांदा मांडीवर घेतली तेव्हा... (अनुभव लिहा, आणि माझा पंचम चढतोय तेही सांगा)

चाफेकळी
बेंगळूरला आल्यापासून डोक्यात होतं, शेवटी चार महिन्यांपूर्वी सरस्वती वीणेचा क्लास लावला. गाणं थोडं शिकलेय पण वाद्य कधीच हातात धरलं नव्हतं त्यामुळे पहिला महिना नुसतं ते फणसाचं धूड धरून बसायलाच गेला. आता सरळी वरिसै चालू आहेत आणि मोबाईलवरचा ट्यूनर सातव्या पडद्यावरचा प कायम वर दाखवतो. मोकळी तार बरोबर, पडदा दाबला की चढा. टीचर म्हणतात "हात हलका ठेव" आणि पुढे जातात. मला वाटतंय पडदाच सरकलाय. तुमचे सुरुवातीचे अनुभव लिहा, बसण्याचे, तारांचे, बोटांचे, सगळे.

सतारवाला
पडदा सरकला तर सरकवून घ्यायचा की, त्यात काय. दोरा थोडा सैल करा, अर्धा सूत मागे घ्या, परत घट्ट. मी दर पावसाळ्यात करतो.

जुनी शिष्या
अहो सतारवाला, त्यांच्या वीणेला दोरा कुठला आलाय, 24 पडदे काळ्या मेणात बसवलेले असतात. मेणात काजळी आणि राळ घालतात म्हणून ते काळं दिसतं. सतारीसारखं रागाप्रमाणे सरकवायची सोयच नाही. उघड्या तारेनंतर बारा पडद्यांत एक सप्तक, चोवीसमध्ये दोन, एकदा बसवले की बसवले.

चाफेकळी, पडद्याकडे नंतर जाऊ. आधी एक कर. वीणा घेऊन बस आणि डावा हात पूर्ण काढून घे. वीणा जागच्या जागी राहिली पाहिजे. मोठा कुडम उजवीकडे जमिनीवर, छोटा भोपळा डाव्या मांडीवर, भार या दोघांनीच पेलायचा. डावा हात दांडीखालून वळून वर येतो, तो फक्त तारेसाठी. मी पहिलं वर्षभर दांडी हातानं उचलून धरत होते, मग काय, अंगठा खालून आवळतो, बोटं वरून आवळतात आणि प्रत्येक स्वर चढतो. मद्रासला शिकत होते, बाईंनी एक दिवस माझा अंगठा धरून सोडवला आणि म्हणाल्या आता वाजव. स्वर खाली आला!

चाफेकळी
हात काढला, वीणा पुढे घसरली 😐

जुनी शिष्या
मग सापडलं. खाली फरशी आहे ना? कुडमाखाली कापडाची चुंबळ ठेव, हंड्याखाली ठेवतात तशी. आणि सिल्कचे, गुळगुळीत कपडे घालून बसू नकोस, भोपळा मांडीवरून सरकतो. आणखी एक, पडदे बघायला म्हणून वीणा स्वतःकडे कलती करून घेतेस का? सगळे घेतात. मग मान वाकते, मनगट दुमडतं आणि बोट तारेवर आडवं पडतं.

भटक्या
माझा गुडघा. पन्नाशीत शिकायला बसलो, मांडी घालून वीस मिनिटं झाली की डावा पाय बधिर. भोपळा मांडीवर असल्यामुळे हलताही येत नाही. आता उशी घेऊन बसतो, बसकण चार बोटं वर आली की गुडघे खाली जातात आणि जमतं. खुर्चीवर बसून कोणी वाजवतं का हो? माझे गुरुजी ऐकतच नाहीत.

कोपऱ्यातला
पडदा सरकला असेल तर हेअर ड्रायर मारायचा, मेण मऊ होतं, मग बोटानं ढकलायचा. मी केलंय, दहा मिनिटांचं काम.

मेळवाला (तंजावर)
नमस्कार. आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या तंजावरातलं, घरी मराठी बोलतो, लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. मी वीणा करत नाही पण वीणा करणाऱ्यांच्यातच वाढलो.

ड्रायरवाले दादा, मेण तापलं की मऊ होतं हे खरं. पण फक्त तुमच्या पडद्याखालचं होत नाही, शेजारच्या दोघा-तिघांचंही होतं. तुम्ही एक ढकलता आणि दुसरा आपोआप खचतो. खचलेला पडदा ओळखायचा कसा, तर त्यावर वाजवलं की तार पुढच्या पडद्याला घासून झण् करते. पडदे बसवणारा माणूस एकेक पडदा कानानं लावतो, उंची आणि जागा दोन्ही बघतो, चोवीसच्या चोवीस. म्हणून वीणा उन्हात ठेवायची नाही, गाडीच्या डिकीत तर नाहीच.

आता बाईंचा पंचम. वीणेचे पडदे उंच असतात, बोटाखाली तार लाकडाला टेकतच नाही, खाली मोकळी जागा. त्यामुळे जोरात दाबलं की तार ताणते आणि स्वर चढतो. गमकासाठी हेच पाहिजे, तार ओढून पुढचे स्वर काढतात ना. नवशिक्याला मात्र तेच नडतं. बोट पडद्याच्या अगदी लगत, खुंट्यांच्या बाजूला ठेवायचं, बरोबर माथ्यावर ठेवलं तर आवाज मुका होतो, लांब ठेवलं तर जास्त दाबावं लागतं. तर्जनी आणि मधलं बोट जोडून.

ट्यूनर ठेवा बाजूला. दुसरी तार, पंचमाची, तिचा पाचवा पडदा अगदी हलका दाबा. तो षड्ज पहिल्या मोकळ्या तारेशी जुळला पाहिजे. तसंच पहिल्या तारेचा सातवा पडदा आणि मोकळी पंचमाची तार, हे दोन्ही प, फक्त एक सप्तकाचा फरक. सगळेच पडदे थोडे थोडे चढे असतील तर दोष हाताचा. एकच पडदा चढा असेल आणि तो पहिल्या तारेवरही चढा, दुसऱ्या तारेवरही चढा, तर तो घोडीकडे सरकलाय. पडदा चारही तारांखालून जातो, एका तारेपुरता तो चुकत नाही.

सतारवाला
बरं झालं सांगितलंत, मी गप्प बसतो. पण उजव्या हाताचं काय, तुमच्याकडे नखी एका बोटात की दोन?

जुनी शिष्या
दोन, तर्जनी आणि मधलं बोट, आलटून पालटून, खालच्या दिशेनं. बाजूच्या तीन ताळाच्या तारा करंगळीनं, तिचा झटका वरच्या दिशेनं. मनगट कुडमाच्या कडेवर टेकलेलं. नखी लावावी की नखानंच वाजवावं यावर आमच्या वर्गात भांडणं होतात. मी नखानं वाजवते, आवाज मऊ येतो, पण एक नख तुटलं की आठवडा गेला.

भटक्या
मी नखी. धुणीभांडी करणाऱ्या माणसाची नखं टिकत नाहीत.

कोपऱ्यातला
माझा पडदा अजून नीट आहे पण, ड्रायरनंतर दोन वर्षं झाली.

मेळवाला
आठवा आणि नववा वाजवून बघा.

चाफेकळी
आज रविवार, दुपारभर हेच करत बसले. आधी चुंबळ, जुन्या साडीची. हात काढला, वीणा हलली नाही! मग मेळवाला म्हणाले तसं, दुसऱ्या तारेचा पाचवा पडदा, हलका, तर षड्ज जुळला. जोर लावला की लगेच वर, कानाला कळतं. म्हणजे हातच. सातवा पण हलका दाबला तर मोकळ्या पंचमाशी जुळला. मग एकेक करत वर गेले तर अकरावा मात्र हलक्या हातानंही चढा, पहिल्या तारेवरही आणि दुसऱ्यावरही. म्हणजे पंचम माझा आणि अकरावा मेणाचा. मे महिन्यात घर बदलताना वीणा दोन तास टेम्पोत होती, आत्ता आठवलं 🙈 टीचरना फोन केला, त्यांच्या ओळखीचे पडदे बसवणारे आहेत, पुढच्या शनिवारी नेणार. तोपर्यंत अकराव्याला वगळून वाजवायचं, आणि मायामालवगौळेत नेमका तोच नी लागतो.