मदत हवी आहे: शिश्नाच्या कातडीखालची लाली परत येते, पत्नीलाही औषध लागेल का?

वय ४१. शिश्नाच्या पुढच्या कातडीखाली लाली, खाज आणि दह्यासारखा पांढरा थर येतो. कडेला बारीक चिरा पडल्यात, लघवी लागली की झोंबतं. कातडी पूर्ण मागे जाते. फोड, जखम, पू, ताप नाही.

डॉक्टरांनी तपासून यीस्टचा संसर्ग सांगितला आणि १ टक्का क्लोट्रिमॅझोल क्रीम दिवसातून दोनदा, दोन आठवडे लावायला दिलं. चार दिवसांत आराम पडला, तरी कोर्स पूर्ण केला. महिनाभरात पुन्हा तेच. मेडिकलवाला स्टेरॉइड मिसळलेली ट्यूब देत होता (त्यांच्याकडे प्रत्येक खाजेवर तीच असते), ती घेतली नाही. साबण बंद केलाय, नुसत्या पाण्याने धुऊन कोरडं करतो.

उपाशीपोटी साखर ११८ आली. म्हणजे मधुमेहाच्या १२६ च्या रेषेखाली, पण नॉर्मलही नाही. वडिलांना मधुमेह आहे. मी शुगरची कुठलीच गोळी घेत नाही, त्यामुळे लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांमुळे हे होत असण्याचा प्रश्न नाही. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी चाचणी केलेली नाही. पत्नीला खाज किंवा पांढरं जाणं नाही, ती गरोदर नाही. क्रीमने लेटेक्सचा कंडोम कमकुवत होतो असं वाचल्यामुळे सध्या संबंध बंद आहेत.

पुढच्या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे जातोय. ज्यांना हे वारंवार झालंय किंवा जे डॉक्टर आहेत त्यांनी सांगावं: ११८ वर थांबायचं की एचबीए१सी आणि जेवणानंतरची साखरही करून न्यायची? आणि पत्नीला काहीच त्रास नसताना तिलाही औषध द्यावं लागतं, की आधी तिची तपासणी करायची?