क्लाउड एक्स्पोर्टची लिंक दिवसात मरते, हे योग्य आहे का?

कात्रीवाला: काल व्हिडिओचा क्लाउडवर एक्स्पोर्ट लावला, झाल्याची मेल आली, तीच लिंक क्लायंटला पाठवली. आज त्याला Expired दिसतंय. रेंडर नीट झालेला असताना लिंक का मारायची? मला हा निव्वळ जागा वाचवण्याचा कंजूसपणा वाटतो.

निशाचर: सहमत. सर्व्हरवरून फाइल उडवतात आणि वर एक्स्पायर्ड म्हणतात. आता परत रेंडर लावा.

सावकाश: थांबा, रेंडर लावू नका. लिंकचं आयुष्य वेगळं, फाइलचं वेगळं. लिंक अ‍ॅमेझॉनच्या एस-थ्री साठ्याची असेल तर तिच्यातच उत्तर लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ:

```
X-Amz-Date=20250310T063000Z
X-Amz-Expires=86400
```

खालचा आकडा सेकंदांचा, म्हणजे २४ तास. वरची वेळ यूटीसी, तुमच्या घड्याळातली नव्हे. ही लिंक ११ मार्चला यूटीसी साडेसहाला संपली. उघडल्यावर `Request has expired` आलं तर फक्त लिंकमधल्या सहीची मुदत गेलीय, फाइल बहुधा जागेवरच आहे. अ‍ॅपमध्ये जाऊन पुन्हा डाउनलोड दाबा, ताजी लिंक मिळते. `NoSuchKey` आलं तर मात्र निशाचर म्हणतात तसं, फाइल गेली.

कात्रीवाला: Request has expired च होतं. अ‍ॅपमधून फाइल उतरली. तरी मुद्दा राहतोच, महिनाभराची लिंक द्यायला काय जातं?

सावकाश: एस-थ्रीवर अशी लिंक ७ दिवसांच्या पुढे जातच नाही. सर्व्हरने तात्पुरत्या परवान्याने सही केली असेल तर तो परवाना संपताच लिंकही संपते, आत मुदत कितीही लिहिलेली असो.

उंबरठा: आणि ती लिंक ज्याच्या हाती पडेल त्याला लॉगिनशिवाय व्हिडिओ मिळतो. क्लायंटने ती कुठल्या ग्रुपवर टाकली तर? मला तर एक दिवसही जास्त वाटतो.

कात्रीवाला: मग मेलमध्ये मुदत ठळक लिहा ना! ती आम्ही पत्त्यातून उकरून काढायची?

पिवळीफीत: माझी तर लिंकच येत नाही. रेंडर बराच पुढे जातो आणि Failed. मुदत वाढवून मिळेल का?

सावकाश: तुमचं दुखणं वेगळं. Failed म्हणजे फाइल तयारच झाली नाही, मुदतीचा संबंध नाही. फोनवरून करता का? अ‍ॅप मागे गेलं की कधीकधी मूळ क्लिप अर्धवटच चढते आणि सर्व्हर त्या जागी येऊन अडकतो. टाइमलाइनचा अर्धाच भाग एक्स्पोर्ट करा. जो अर्धा पडेल त्याचे पुन्हा दोन भाग करा, खोडी काढणारी क्लिप सापडेल. ती काढून नव्याने चढवा.

पिवळीफीत: फोनवरूनच. शेवटची क्लिप नुसती फिरतेय असं दिसतंय, ती बदलून बघतो.

निशाचर: जागेचा मुद्दा मी सोडलेला नाही. फाइलही कधी ना कधी उडवतातच, आणि ती तारीख तर लिंकमध्येही नसते.