मदत हवी आहे: विद्यापीठाच्या अकाउंट्सकडून फीसाठी तातडीचा मेल, बाबांनी पैसे पाठवले, आता शंका येतेय

उंबरठा

मी परदेशात मास्टर्सच्या दुसऱ्या सत्राला आहे. प्रकार मोठा आहे, पण सगळं क्रमाने लिहितो.

दहा दिवसांपूर्वी मी अकाउंट्स ऑफिसला मेल करून उरलेली फी दोन हप्त्यांत भरू का, असं विचारलं होतं. उत्तर येईना. काल शुक्रवारी दुपारी ४:४० ला आलं. ऑफिस ५ वाजता बंद होतं. विषयात `Re:` होतं आणि खाली माझाच मेल होता, माझ्या स्पेलिंगच्या चुकीसकट. विद्यार्थी क्रमांक बरोबर, बाकी रक्कमही बरोबर. मजकूर एवढाच: हप्ते मंजूर नाहीत, ऑडिटमुळे आमचं खातं बदललं आहे, २४ तासांत पूर्ण रक्कम नवीन खात्यात भरली नाही तर प्रवेश रद्द होईल आणि व्हिसा विभागाला कळवलं जाईल.

व्हिसाचं नाव वाचून माझे हातपाय गार पडले. मेलमधल्या नंबरवर फोन केला तर एका बाईंनी शांतपणे माझं नाव, कोर्स सांगितला आणि "हो, खातं बदललंय" म्हणाल्या. मी घरी कळवलं. बाबांनी आज सकाळी बँकेत जाऊन फॉर्म भरला. संध्याकाळी मेल पुन्हा वाचला तेव्हा पत्ता वेगळा वाटला. तपशील असे आहेत, खरी नावं बदलली आहेत. विद्यापीठाचा खरा पत्ता `univ.example` असा संपतो.

```
From: "Student Accounts" <accounts@univ-fees.example>
Reply-To: fee.desk@univ-pay.example
Authentication-Results: spf=pass; dkim=pass; dmarc=pass
```

हा मेल खरा असू शकतो का? आणि नसेल तर आत्ता, शनिवारी रात्री, काय करू?

निखिल_प

तिन्ही ठिकाणी pass आहे. बनावट मेल असता तर तिथे fail आलं असतं, हे मी आमच्या ऑफिसमध्ये रोज बघतो. आणि तुमचा जुना मेल खाली आहे म्हणजे तो तुमच्या अकाउंट्सकडूनच आलाय. उगाच घाबरू नका.

सुमेधा_रा

उशिरा फी भरल्याने लगेच प्रवेश रद्द होत नाही हो. माझे पैसे तीन आठवडे उशिरा पोचले होते. मी इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिसला भेटून मुदत वाढवून घेतली, लेखी. तुम्हीही तसंच करा, हप्ते मिळतील.

जुना_पोस्टमन

सुमेधाताई, त्याचा प्रश्न मुदतीचा नाही, पैसे कुणाकडे गेले याचा आहे.

उंबरठा, आधी बाबांना फोन कर, बाकीचं नंतर वाच. बँकेच्या चोवीस तासांच्या नंबरवर त्यांनी "फसवणुकीची तक्रार" याच शब्दांत सांगायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: परदेशी बँकेला जाणारा स्विफ्ट मेसेज बाहेर पडलाय का? शनिवारी सकाळी फॉर्म दिला असेल तर तो सोमवारपर्यंत शाखेतच असण्याची शक्यता आहे. तसं असेल तर नुसतं रद्द होईल. बाहेर पडला असेल तर पैसे परत मागणारा रिकॉल पाठवायला सांगायचं आणि त्या व्यवहाराचा यूईटीआर, म्हणजे तो ३६ अक्षरांचा नंबर, लिहून घ्यायचा. पैसे कुठल्या बँकेपर्यंत पोचले ते त्यावरून शोधता येतं.

आता निखिल यांच्या मुद्द्याबद्दल. pass चा अर्थ एवढाच की मेल `univ-fees.example` च्याच मालकाने पाठवला. तो मालक कोण, हे ती तपासणी सांगत नाही. चोराने स्वतः पत्ता विकत घेऊन नीट बसवला तर तिन्ही ठिकाणी pass येणारच. `univ.example` चं नाव लावून कुणी बाहेरून मेल पाठवला असता तर fail दिसलं असतं, तेवढं निखिल यांचं बरोबर आहे. त्यात उत्तर तिसऱ्याच पत्त्यावर मागितलंय.

फोनवरच्या बाईही त्यांच्याच. मेलमधला नंबर मेल लिहिणाऱ्याचाच असणार. नंबर घ्यायचा तो प्रवेशपत्रावरून किंवा स्वतः पत्ता टाइप करून उघडलेल्या विद्यार्थी पोर्टलवरून.

मला खटकतंय ते वेगळंच. तुझा जुना मेल त्यांच्याकडे आला कुठून? कुणीतरी एका मेलबॉक्समध्ये बसलंय, तुझ्या किंवा ऑफिसच्या. तुझ्या मेलच्या सेटिंगमध्ये रूल्स आणि फॉरवर्डिंग उघड आणि काय दिसतं ते इथे लिही.

देशांतर

नवीन खात्याचा नंबर आयबॅन असेल तर त्याची पहिली दोन अक्षरं बघा. ती देशाची असतात.

उंबरठा

बाबा फोनवर आहेत. आयबॅनची अक्षरं माझ्या विद्यापीठाच्या देशाची नाहीत.

आणि रूल सापडला. नाव फक्त एक टिंब, `.` एवढंच. `univ.example` वरून आलेल्या मेलच्या विषयात fee, payment किंवा accounts असेल तर मेल `RSS Feeds` या फोल्डरमध्ये हलवायचा आणि वाचलेला दाखवायचा. मी तो फोल्डर आयुष्यात उघडला नव्हता. आत अकाउंट्स ऑफिसचं खरं उत्तर पडलंय, आठ दिवसांपूर्वीचं: "दोन हप्ते मंजूर." पहिला येत्या बुधवारपर्यंत भरायचा. मी वाट बघत बसलो होतो आणि उत्तर माझ्याच मेलबॉक्समध्ये होतं.

निखिल_प

माझं चुकलं, उंबरठा. मनापासून माफ करा. बाबांचा फोन लागला हे बरं झालं.

देशांतर

एक मात्र सांगते. परकी अक्षरं दिसली म्हणजे फसवणूकच, असं नाही. माझं विद्यापीठ फी एका पेमेंट कंपनीमार्फत घेतं आणि तिचं खातं दुसऱ्या देशात आहे. मी ते पोर्टलवर ताडून पाहिलं होतं.

जुना_पोस्टमन

बरोबर. म्हणूनच खात्याचा नंबर मेलमधून कधीच घ्यायचा नाही, पोर्टलवरचाच.

उंबरठा, रूलचा फोटो काढून ठेव, मग तो काढून टाक. पासवर्ड दुसऱ्या स्वच्छ यंत्रावरून बदल. नुसता पासवर्ड बदलून रूल जात नाही आणि आत बसलेला माणूसही कधीकधी तसाच राहतो. म्हणून सगळीकडून साइन आउट कर आणि अनोळखी ॲपना दिलेली परवानगी काढ. मागच्या महिन्याभरात कुठल्या लिंकवर पासवर्ड टाकला होतास का?

उंबरठा

हो. "मेलबॉक्स भरलाय" असा मेल आला होता. लायब्ररीत घाईत टाकला.

सुमेधा_रा

मी प्रश्न नीट वाचला नव्हता. पण बुधवारची मुदत खरी आहे, त्यामुळे लेखी मुदतवाढ तुला लागणारच. सोमवारी ऑफिस उघडताच स्वतः जा. बनावट मेल, रूलचा फोटो आणि बँकेच्या तक्रारीचा क्रमांक सोबत ने.

उंबरठा

सोमवार, रात्र. मेसेज शनिवारीच बाहेर पडला होता. बँकेने शनिवारी रात्री रिकॉल पाठवला, यूईटीआर मिळाला. आज कळलं की पैसे समोरच्या बँकेत पोचलेत, पण ते अजून खात्यात आहेत का, हे ती बँक सांगत नाही. फॉर्मवर नाव विद्यापीठाचं होतं, खातं दुसऱ्याच कुणाचं. नाव जुळत नसताना पैसे जमा कसे झाले, असं बाबा पुन्हा पुन्हा विचारतात.

जुना_पोस्टमन

परदेशी व्यवहारात पुष्कळ बँका फक्त खाते क्रमांक बघून पैसे जमा करतात, नाव जुळवत नाहीत. पण हा मुद्दा बाबांनी तक्रारीत लेखी टाकावा, तो कामाचा आहे. रिकॉलबद्दल खोटी आशा देत नाही. पैसे काढून घेतलेले असतील तर समोरची बँक नकार देते. उरलेले असले तरी अनेकदा खातेदाराची संमती मागतात. म्हणून तू आहेस तिथल्या पोलिसांकडे तक्रार कर आणि तिचा क्रमांक त्या बँकेच्या फसवणूक विभागाला पोचव. त्यावर बँक खातं गोठवू शकते.

उंबरठा

पोलिसांकडे तक्रार झाली. अकाउंट्समधल्या बाईंनी मला बसवून घेतलं, सगळं वाचलं आणि मुदत तीन आठवडे वाढवली, कागदावर. आणखी दोन विद्यार्थ्यांना असाच मेल आलाय म्हणाल्या. त्यातल्या एकाने पैसे भरलेत, पण त्याच्या मेलबॉक्समध्ये असा रूल नाही. मग त्याची माहिती कुठून गेली असेल?