शब्दचर्चा : 'चालते' म्हटलं, 'करतो' कुठं म्हटलं?

रामदासपेठ
मी नागपुरात इंग्रजी-मराठी भाषांतराची कामं करते. सध्या काटोलकडच्या एका संत्रा बागायतदाराचे व्हॉइस मेसेज इंग्रजीत आणि बंगळुरूच्या खरेदीदाराचे इंग्रजी मेसेज मराठीत करून देते. आंबिया बहाराचा माल आहे. गेल्या आठवड्यात माझ्यामुळे घोळ झाला, म्हणून विचारतेय.

खरेदीदारानं विचारलं, सोमवारी तोडणी करता येईल का? काकांचं उत्तर आलं, "सोमवार ना? चालते ना." मी 'शुअर' असं पाठवून मोकळी झाले. सोमवारी गाडी रिकामे क्रेट घेऊन बगीच्यात पोचली आणि तोडणीला एकही माणूस नव्हता. मी फोन केला तर काका शांतपणे म्हणाले, "मी चालते म्हटलं बाई. करतो म्हटलं काय?"

उलटा घोळही झालाय. काकांनी विचारलं होतं, बारीक फळं वेगळ्या भावानं घ्याल का? पलीकडून आलं, 'शुअर, वी कॅन लुक ॲट दॅट.' मी लिहिलं, 'नक्की घेऊ.' बारीक फळं अजून पडून आहेत.

तर चालेल, ठीक आहे, शुअर, नक्की यांत कोण किती बांधला जातो?

सिव्हिल लाइन्स
सोपं आहे. 'चालेल' हिंदीच्या 'चलेगा'वरून आलाय, त्यामुळे त्याला वजन नाही. 'शुअर' म्हणजे खात्री, म्हणजे पक्कं. तुम्ही कच्च्या शब्दाला पक्का शब्द लावलात, एवढीच चूक.

जुनी शुक्रवारी
निम्मं बरोबर आहे. 'चालेल' हिंदीतून आणायची मराठीला गरज नव्हती. नाणं चालतं, नोट चालते, त्यावरूनच 'चलन' म्हणतो. दहाचं नाणं दुकानदाराला दाखवून आपण विचारतो, "हे चालेल का?" तो "चालेल" म्हणाला म्हणजे त्यानं ते अडवलं नाही. त्यानं तुम्हाला काही विकायचं कबूल केलं, असं नव्हे. संमतीच्या 'चालेल'चा अर्थ इथेच आहे : माझ्याकडून अडवणूक नाही.

आता वाक्य बघा. 'मी येतो', 'मी करतो' यांत कर्ता मी. 'मला चालेल' यात कर्ता सोमवार. सोमवार चालणार आहे, मी फक्त त्याला वाट देतोय. तुमच्या बागायतदारानं हा फरक व्याकरण न शिकता नेमका सांगितला.

शंका आली की मी पुढं 'पण' लावून बघतो. "सोमवारी तोडणी चालेल, पण माणसं मिळायची आहेत." हे वाक्य कानाला खटकत नाही. "सोमवारी तोडणी करतो, पण माणसं मिळायची आहेत" म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, मग करतो कसं म्हणता? जिथं 'पण' सुखानं बसतो तिथं वचन नाही.

रामदासपेठ
पण सर, "मी उद्या तुमच्याकडे येऊ का?" याला "चालेल" म्हटलं तर ते पूर्णच उत्तर असतं ना? तिथं काही कमी राहत नाही.

जुनी शुक्रवारी
बरोबर, कारण तिथं काम तुमचं आहे. त्यानं फक्त दार उघडं ठेवायचं. "चहा घेणार?" "चालेल." हेही तसंच, चहा दुसरा कुणी करणार आहे. काम समोरच्याचं असेल तर 'चालेल' ही पुरती संमती. काम बोलणाऱ्याचं स्वतःचं असेल तर ती अर्धी. तोडणी बागायतदारानं करायची होती. म्हणून 'चालते' ऐकल्यावर एक प्रश्न उरतो : करता ना?

इंग्रजीत तुम्ही 'मंडे इज फाइन विथ मी' एवढंच द्यायला हवं होतं. त्यातही करण्याचं वचन नाही, आणि खरेदीदाराला पुढचा प्रश्न सुचला असता.

मंगलकार्यवाला
माझा केटरिंगचा धंदा आहे. तुम्ही 'चालेल'चं घेऊन बसलात, माझं नुकसान 'नक्की'नं होते. पत्रिका हातात देताना प्रत्येक जण म्हणते, "नक्की येतो." यजमान ते मोजून मला ताटं सांगतात. संध्याकाळी पाहावं तर पंगती अर्ध्या, आणि उरलेली बासुंदी कुठं ठेवावी हा प्रश्न. जो म्हणते, "साडेसातला येऊन जातो, लेकीची ट्यूशन आहे आठला," तो हमखास येते. त्यामुळे मी आता यजमानाला सांगतो, नक्कीवाले अर्धे धरा.

जुनी शुक्रवारी
विषय थोडा बाजूला गेला, पण मुद्दा कामाचा आहे. आमंत्रणाला दिलेलं 'नक्की' हा शिष्टाचार आहे. पत्रिका घेऊन आलेल्याला दारातच "बघतो" म्हणणं उद्धट दिसतं, म्हणून जीभ 'नक्की'वर जाते. वेळ आणि अडचण दोन्ही सांगणारा माणूस मनात हिशेब करून बोलत असतो. शब्द जड असला म्हणजे माणूस बांधला जातोच असं नाही.

सिव्हिल लाइन्स
मग 'शुअर'चं काय? तो तर जड आहेच.

रामदासपेठ
मलाही तसंच वाटायचं. पण बंगळुरूचे सगळे मेसेज परत वाचले, तर ते लोक 'शुअर' अगदी हलक्या हातानं वापरतात. 'कॉफी?' 'शुअर.' इथं मराठीत 'नक्की' टाकलं तर हसू येईल. तिथं 'चालेल' किंवा 'हो, घेऊ की' हेच बसतं. शिवाय त्या मेसेजात 'शुअर'च्या पुढं 'बघता येईल' असं होतं. मी पुढचं अर्धं वाक्य गिळून टाकलं. मराठीत 'हो, बघू' एवढंच व्हायला हवं होतं.

जुनी शुक्रवारी
आणि गंमत बघा, आपल्या मराठीत आलेला 'शुअर' दोन तोंडांचा झालाय. "तू शुअर आहेस का?" यात तो खात्रीचा आहे. "मी शुअर नाही" यातही. पण साहेबांच्या कामावर "शुअर सर" म्हणणारा कारकून फक्त ऐकलं असं सांगतो. प्रश्नातला शुअर जड, उत्तरातला हलका.

कोल्हापूर_ते_नागपूर
बदली होऊन तीन वर्षं झाली इथं. आमच्याकडं "चालतंय की" म्हटलं की विषय संपला, माणूस कामाला लागतो. इथल्या "चालते ना"ला मी तेच समजून दोनदा फसलोय. घर रंगवणारा "चालते ना" म्हणाला आणि महिनाभर आला नाही.

जुनी शुक्रवारी
रंगाऱ्याचा दोष 'चालते'वर घालू नका. रंगारी कोल्हापुरातही तसेच असतील.

कोल्हापूर_ते_नागपूर
ते खरंय म्हणा.

काटोल_नाका
माहा बापाचा संत्र्याचा बगीचा होता, म्हणून सांगून राहिलो. आमच्याकडे बोलण्यानं कोणी बांधल्या जात नाही. व्यापारी बगीचा पाहून जाते, भाव सांगते, आपण 'ठीक आहे' म्हणतो, तो 'चालते' म्हणते. हे सारं ऐकलं, समजलं, एवढंच. इसार हातात पडला की मग सौदा. इसार घेतल्यावर दुसऱ्या व्यापाऱ्याले माल दिला तर गावात तोंड दाखवाले जागा नाही राहत. बाईनं आधी हे विचारा, काकाले इसार भेटला होता काय?

रामदासपेठ
नाही. खरेदीदार म्हणाला होता, माल उचलल्यावर सगळे पैसे एकदम.

काटोल_नाका
मग काकाची काहीच चूक नाही. त्याच्या मनानं सौदा अजून व्हायचाच होता. तोडणीची माणसं बोलवायची म्हणजे त्याइले पैसे द्या लागते. इसार नाही तर कोण बोलवन?

रामदासपेठ
हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मग अजून एक शंका. भाव उतरवल्याचं कळवलं तेव्हा काका नुसतं "ठीक आहे" म्हणाले होते. मी 'ॲग्रीड' लिहिलं.

जुनी शुक्रवारी
तेही जरा जास्तच झालं. कुणी म्हणालं, "उद्या मला जमणार नाही," आणि तुम्ही "चालेल" म्हणालात तर त्यानं तुमचं काही अडत नाही. "ठीक आहे" म्हणालात तर अडतं, पण तुम्ही गिळलंत. 'ठीक आहे'मध्ये बातमी पोचल्याची पावती असते. मान्यता असेल किंवा नसेल.

सिव्हिल लाइन्स
इथं मी सहमत नाही. भाव ऐकून माणूस "ठीक आहे" म्हणाला आणि पुढं काही बोलला नाही, तर व्यवहारात ते मान्यच धरतात. नाहीतर त्यानं तिथंच तोंड उघडायला हवं होतं.

जुनी शुक्रवारी
आवाज ऐकल्याशिवाय यावर पैज लावणार नाही. "ठीक आहे" एका दमात आलं की "ठीक… आहे" असं, ते रामदासपेठ बाईंनीच सांगावं.

रामदासपेठ
दुसरं. आणि मागं कुत्रं भुंकत होतं, त्यामुळे 'ठीक'नंतर थांबले की कुत्र्याला हाकललं, कळत नाही.

काटोल_नाका
बाई, तुम्ही त्याचे मेसेज लिहून काढता तेव्हा अजून एक पाहा. काका 'येईन' म्हणत असन तर तुम्ही काय लिहिता?

रामदासपेठ
'मी येईन.' एका मेसेजात आहे, "मंगळवारी येईन दुपारून." मी लिहिलं की ते स्वतः येणार आहेत.

काटोल_नाका
तिथंच गोम आहे. आमच्या बोलीत 'तो येईन', 'गाडी येईन', 'पाणी येईन' असंच म्हणतात. पुस्तकातलं 'येईल' आम्ही बोलत नाही. मागचापुढचा मेसेज पाहा, कोणाबद्दल सांगून राहिला ते.

रामदासपेठ
आत्ता परत ऐकला. त्याच्या आधी खरेदीदारानं विचारलं होतं, तोडणीची टोळी कधी येणार. म्हणजे टोळी येईन! काकांनी वचन दिलंच नव्हतं, अंदाज सांगितला होता, आणि मी त्यांना स्वतः हजर राहायला लावलं.

जुनी शुक्रवारी
हे मात्र माझ्या यादीत नव्हतं. जन्म नागपुरात गेला, घरात बोली बोलतो, आणि पुस्तकी मराठीत विचार करताना 'येईन' मीही आपोआप प्रथम पुरुषी धरतो. वचन आणि भाकीत एकाच रूपात. भाषांतरात कर्ता लिहावाच लागतो, त्यामुळे इथं अंदाजानं भागणार नाही, विचारावंच लागेल.

मंगलकार्यवाला
मग पत्रिकेवाल्याले 'येईन' म्हणणारा कोण येईन हेही विचारावं लागते म्हणा ना. बायको येईन, पोरं येईन…

रामदासपेठ
खरेदीदाराला मी सगळं कळवलं. त्यानं काल इसार पाठवला आणि गुरुवार ठरवला. मी यावेळी सरांच्या सांगण्यावरून सरळ विचारलं, "काका, गुरुवारी तोडणी तुम्ही करता ना?" उत्तर आलं, "हाव, होऊन जाईन." आता याचं काय लिहू?

जुनी शुक्रवारी
'हाव' लिहा. 'होऊन जाईन'मध्ये कर्ता पुन्हा पळाला.

काटोल_नाका
इसार घेतला ना? मग होते. तरी बुधवारी रात्री एक फोन करजा.