मदत हवी आहे: आजचे वजन समीकरणात घेतल्यावरच जन्मवजनाचा परिणाम दिसतो, याचा अर्थ काय लावावा?

करवीरकन्या: नमस्कार. मी कोल्हापुरात पीएसएममध्ये एम. डी. करते आहे. एका प्रसूतिगृहाच्या जुन्या नोंदवह्यांतून जन्मवजने घेऊन त्याच व्यक्तींचा चाळिशीतला रक्तदाब मोजला आहे. नुसते जन्मवजन घेतले तर संबंध जवळपास शून्य येतो. आजचे वजन रिग्रेशनमध्ये घातले की मात्र जन्मवजनाचा गुणांक ऋण होतो, म्हणजे कमी वजनाने जन्मलेल्यांचा रक्तदाब जास्त दिसतो. सरांच्या मते हाच निष्कर्ष लिहावा. मला तो पटत नाही, पण कारण नेमके मांडता येत नाही.

शाहूपुरीकर: सरांचे बरोबर आहे. आजच्या वजनाने रक्तदाब वाढतो, म्हणून त्याची दुरुस्ती करायलाच हवी. बार्कर यांनी हर्टफर्डशायरमध्ये १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या पुरुषांत कमी जन्मवजन आणि हृदयविकाराचे मृत्यू यांचा संबंध दाखवलाच आहे.

कागलची आई: माझी मुलगी जन्मली तेव्हा २.१ किलोची होती. सासूबाई म्हणतात, तिला लवकर गुटगुटीत करा. तिला पुढे मधुमेह होणारच का?

नोंदवही: शाहूपुरीकर, हर्टफर्डशायरचा संबंध प्रौढपणीच्या वजनाची दुरुस्ती न करताच दिसला होता. शिवाय आजचे वजन जन्मानंतर घडते, त्यामुळे ते जन्मवजनाचे कारण असू शकत नाही.

करवीरकन्या, आज ७० किलो असलेल्या दोघांची तुलना करा. एक २.२ किलोचा जन्मला, दुसरा ३.२ किलोचा. पहिला मधल्या काळात अधिक वर सरकला आहे, म्हणजे तुमचा ऋण गुणांक जन्मापेक्षा वाढीबद्दल बोलत असावा. समजा, दोन्ही वजने झेड-स्कोरमध्ये घेतली आणि जन्मवजनाचा गुणांक −१, आजच्या वजनाचा +५ आला. आता आजच्या वजनाऐवजी ‘आजचा स्कोर वजा जन्माचा स्कोर’ हा फरक घाला. फरकाचा गुणांक +५ राहील, जन्मवजनाचा मात्र +४ होईल. माहिती तीच, अंदाजही तेच, पण चिन्ह उलटले. म्हणून दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे, दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापा. मधल्या वयातली वजने मिळाली तर फारच उत्तम.

कागलच्या ताई, ‘होणारच’ असे मुळीच नाही. दिल्लीच्या अभ्यासात ज्यांना पुढे मधुमेह किंवा त्याची पूर्वावस्था आढळली, ते सहसा दोन वर्षांपर्यंत बारीक होते आणि त्यानंतर त्यांचा बीएमआय भराभर चढला. तरीही बाराव्या वर्षी त्यांच्यातले कोणी लठ्ठ नव्हते. त्यामुळे नुसत्या गुटगुटीतपणावरून काही ठरत नाही. वजन आणि उंची दोन्ही बालरोगतज्ज्ञांकडून तक्त्यावर मांडून घेत राहा.

करवीरकन्या: आभारी आहे. फरक घालून पाहिला. चिन्ह खरोखरच उलटले. एक अडचण उरते. वहीत गर्भाचे आठवडे नाहीत, आणि पानोपानी २.५ व ३ हेच आकडे दिसतात, म्हणजे वजने अर्ध्या किलोच्या टप्प्यांकडे ओढून लिहिलेली असावीत. अपुऱ्या दिवसांची आणि पूर्ण दिवसांची पण खुरटलेली बाळे वेगळी कशी काढावीत?

नोंदवही: आठवड्यांशिवाय ती वेगळी काढता येणार नाहीत. आईच्या केसपेपरवर शेवटच्या पाळीची तारीख आहे का, ते आधी पाहा.