मदत हवी आहे: आठवडे बाजाराच्या भेटीतून सहावीला भूगोल कसा शिकवू?

अनघा_जुन्नर
नमस्कार. मी जुन्नर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावीला शिकवते. शाळेजवळच आठवडे बाजार भरतो. 'मानवाचे व्यवसाय' शिकवून झालं की मुलांना तिथे न्यायचं आहे. मुख्याध्यापकांची परवानगी मिळाली आहे, पालकांची संमतीपत्रंही आली आहेत. प्रश्न पुढचा आहे. अशा भेटीनंतर मुलं 'आम्ही पाहिलेला बाजार' हा निबंध लिहितात आणि सगळ्या वह्यांत तेच असतं: टोमॅटो लालबुंद, गर्दी खूप, भेळ छान. त्यांनी तिथे नेमकं काय विचारावं, काय टिपावं आणि परत आल्यावर वर्गात त्याचं काय करावं?

रानवाट
मॅडम, आमच्या शाळेत दरवर्षी बालबाजार भरवतो. मुलं घरून भाजी, वडापाव, सरबत आणून विकतात, गावकरी घ्यायला येतात. शाळेच्या पटांगणातच होतो, त्यामुळे रस्ता ओलांडायची भीती नाही. पैशांचा हिशोब आपोआप येतो. तेच करा.

अनघा_जुन्नर
सर, बालबाजार आमच्याकडेही होतो आणि मुलांना आवडतो. पण तिथली मेथी आईने दिलेली असते आणि दर बाईंनी सांगितलेला असतो. माल कुठून येतो, कोण आणतो, दुपारनंतर दर का उतरतो, हे खऱ्या बाजारातच दिसेल. मला त्या भेटीसाठी मदत हवी आहे.

शिक्षक_सोलापूर
पंचवीस प्रश्नांची प्रश्नावली छापा. नाव, गाव, शिक्षण, माल, खरेदी दर, विक्री दर, नफा. परत आल्यावर वर्गवारी करा: भाजीवाले प्राथमिक व्यवसायात, कुंभार-बुरूड द्वितीयक, कापड आणि भांडीवाले तृतीयक. प्रत्येकाचा नफा काढला की गणितही होतं.

जुने_गुरुजी
निवृत्त झालो, पण मुलांना घेऊन बाजारात पुष्कळ फिरलो आहे. वरची दिशा बरोबर आहे, पण दोन ठिकाणी घोळ होतो.

पहिला घोळ वर्गवारीचा. स्वतःच्या वावरातली मेथी घेऊन बसलेल्या आजी माल पिकवतात, म्हणून प्राथमिक. पण बाजारात बसल्या की विकायचं कामही त्याच करतात. शेजारचा माणूस मार्केटमधून क्रेट घेऊन आलेला असतो, त्याने काहीच पिकवलेलं नाही. दोघांपुढे भाजीच आहे, तरी दोघं एका रकान्यात बसत नाहीत. म्हणून 'तुम्ही काय विकता?' याच्या पुढे जाऊन 'हे तुमच्याच शेतातलं की विकत आणलं?' हे विचारायला लावा. आजींना आणि कुंभाराला कुठे ठेवायचं यावर वर्गात वाद होईल. तो होऊ द्या, उत्तर लगेच सांगू नका.

दुसरा घोळ नफ्याचा. विक्रीतून खरेदी वजा केली की नफा, असं मुलं धरतात. मनाने आकडे धरून दाखवतो. एकाने टोमॅटोचे 20 किलोचे 3 क्रेट 240 रुपयांनी घेतले, म्हणजे 720 रुपये. सकाळचा भाव 25 रुपये किलो. 60 किलोचे 1500 झाले, त्यातून 720 गेले, 780 सुटले, असं मुलं लिहितील. प्रत्यक्षात सकाळी 25 ने 30 किलो गेला, दुपारी 20 ने 15 किलो, उठताना 10 ने 10 किलो. आले 1150. 5 किलो दबलेला माल टाकावा लागला. टेम्पो 60, बाजाराची पावती 20, चहा-नाश्ता 40, म्हणजे खरेदी धरून खर्च 840. हातात राहिले 310, आणि त्यासाठी नवरा-बायको दोघं पहाटेपासून रात्रीपर्यंत राबलेले. 780 आणि 310 मधला फरक कुठे गेला, हे मुलांनी शोधायचं. त्यासाठी एका गटाने तोच भाव सकाळी आणि बाजार उठताना असा दोनदा टिपायला हवा. एकदाच टिपला तर हे कळणारच नाही.

पाल_आणि_ताडपत्री
माझे आईवडील बाजार करायचे, मी पालाखाली बसून अभ्यास करायचो. म्हणून गाळ्याच्या आतल्या बाजूने सांगतो. भवानी व्हायच्या आधी वही घेऊन मुलं पुढे उभी करू नका. आई शाळेतल्या पोरांना काही बोलायची नाही, पण मनातून खट्टू व्हायची. जरा उशिरा जा, आणि दोन-तीनच मुलं एका ठिकाणी पाठवा, नाहीतर गिऱ्हाईक मागच्या मागे निघून जातं. 'नफा किती?' असं विचारलं की कोणीही 'कुठला नफा, बाळा' एवढंच म्हणणार. त्याऐवजी 'पहाटे किती वाजता निघालात? माल कशात आणलात? उरला तर काय करता?' असं विचारा. माझे वडील यावर अर्धा तास बोलले असते.

आणखी एक. तुमच्या वर्गातल्या कुणाची आई तिथे बसत असेल तर त्या मुलाला आधी एकट्याला विचारा. काहींना अभिमान असतो, काहींना सगळ्यांसमोर नको वाटतं. मला नको वाटायचं.

अनघा_जुन्नर
शेवटचं फार महत्त्वाचं सांगितलंत, दादा. वर्गात अशी दोन मुलं आहेत, दोघांशी बोलते. गुरुजी, पाच-सहा प्रश्न पुरतील का? आणि परतल्यावर पहिल्या दिवशी काय करू?

जुने_गुरुजी
पाच पुरे. माल कोणता, कुठल्या गावाहून, कशाने आणला, स्वतःचा की विकत घेतलेला, उरलेल्याचं काय होतं.

दुसऱ्या दिवशी फळ्याच्या मध्यभागी बाजार काढा आणि भोवती तीन वर्तुळं: चालत किंवा दुचाकीवर येणारा माल, एसटी-जीप-टेम्पोने तालुक्यातून येणारा, आणि ट्रकने जिल्ह्याबाहेरून येणारा. प्रत्येक गटाने आपला माल त्या त्या वर्तुळात लिहायचा. तुमच्याकडे हे उत्तम जमेल, कारण पश्चिमेला डोंगर, भात आणि हिरडा, तर पूर्वेला कालव्याचं पाणी, कांदा आणि टोमॅटो. पालेभाजी बहुतेक आतल्या वर्तुळात पडेल, लसूण बाहेरच्या. मग विचारा, सुकट-बोंबील मासळी असूनही एवढ्या लांबून कशी येते? माळशेज घाट उतरलं की कोकण, हे मुलांना माहीत असतं. पण वाळवल्यामुळे माल टिकतो आणि म्हणून लांबचा प्रवास झेपतो, हे त्यांनी स्वतः म्हणायला हवं. नंतर प्रत्येकाने आपल्या एका वस्तूचा रस्ता तालुक्याच्या नकाशावर काढायचा. निबंध नको. नकाशा आणि त्याखाली 'हा माल इथूनच का येतो?' याची चार वाक्यं.

नागरिकशास्त्रासाठी बाजाराची पावती पाहा. ती कोणी फाडली, पैसे कुठे जातात, पाणी आणि झाडलोट कोण करतं, हे प्रश्न मुलांनी काढायचे आणि ग्रामसेवकांना वर्गात बोलवायचं. पुष्कळ ठिकाणी ग्रामपंचायत वसुलीचा लिलाव करते आणि ठेकेदार पैसे गोळा करतो. मुलांना वाटतं सरपंचच येऊन घेतात.

शिक्षक_सोलापूर
प्रश्न कमी करायचं पटलं. पण पावतीबद्दल शंका आहे. कोणी 'पैसे घेतात, पावती देत नाहीत' असं मुलांना सांगितलं तर? वहीत लिहायचं का? उद्या गावात बाईंचं नाव निघेल.

जुने_गुरुजी
मी लिहू द्यायचो, पण विक्रेत्याचं नाव आणि जागा गाळून. ग्रामसेवकांना मात्र 'पावती मिळाली नाही तर विक्रेत्याने काय करायचं?' असा सरळ प्रश्न मुलं विचारायची.

पाल_आणि_ताडपत्री
गुरुजी, नाव गाळलं तरी छोट्या बाजारात कोण बोललं ते लगेच कळतं. पुढच्या आठवड्यात त्याच माणसाला त्याच जागेवर बसायचं असतं. मी हा प्रश्न मुलांना देणार नाही.

अनघा_जुन्नर
यावर माझंही अजून ठरत नाही. या वेळी पावती फक्त पाहायची, रक्कम टिपायची आणि दराचा फलक कुठे लावला आहे का ते शोधायचं, एवढंच ठेवते. ग्रामसेवकांशी आधी मी बोलते. संध्याकाळचा भाव टिपायला शाळा सुटल्यावर एक गट पालकांसोबत पाठवता येईल का, हे उद्याच्या पालकसभेत विचारते. बाजाराच्या वेळा वेगळ्या असलेल्या गावांतल्या कुणी दुसरी युक्ती केली असेल तर जरूर लिहा.