शब्दचर्चा: कॅप्शनमध्ये ‘नागपुरात’ लिहावं की ‘नागपूर’?

वैशाली (मानेवाडा): आमचं कूलर दुरुस्तीचं काम आहे. इन्स्टाग्रामचं कॅप्शन मी लिहिते. सध्याचं असं आहे: ‘उन्हाळा आला राजेहो! मानेवाड्यात घरपोच कूलरची घास बदलून मिळेल, मोटर-पंपाचंही काम करतो. नागपुरात कुठेही येऊ.’ भाषा बरोबर आहे ना? शोधलं तर सापडत नाही म्हणून विचारते.

देशपांडे काका: भाषा चोख आहे. नागपूर शब्दातला दीर्घ पू सामान्यरूपात ऱ्हस्व होतो, फूल-फुलाचे तसंच. मात्र ‘मोटर-पंपाचंही काम’ ढिलं वाटतं. ‘दुरुस्ती’ लिहा, रु ऱ्हस्व.

रोहित_हिंगणा: कॅप्शनचा शोधाशी काही संबंध नसतो ताई. ते लोकांना वाचायला असतं. पहिल्या कमेंटमध्ये भरपूर हॅशटॅग टाका, झालं.

मृणाल: रोहित, हॅशटॅग उपयोगाचे आहेत, पण जागा चुकली. इन्स्टाग्रामनेच २०२१ मध्ये सांगितलंय की शोधात दिसायचं तर शब्द आणि हॅशटॅग कॅप्शनमध्ये असावेत, कमेंटमध्ये नाही. युजरनेम, प्रोफाइलचं नाव, बायो, कॅप्शन, ठिकाण, हे सगळं शोधलेल्या शब्दांशी ताडून पाहिलं जातं.

वैशालीताई, तुमची अडचण काकांनी सांगितलेल्या नियमातच आहे. गिऱ्हाईक ‘कूलर दुरुस्ती नागपूर’ लिहून शोधतं. तुमच्या कॅप्शनमध्ये ‘नागपूर’ ही अक्षरं या क्रमाने कुठेच नाहीत, ‘नागपुरात’ आहे. ‘मानेवाडा’ही नाही, ‘मानेवाड्यात’ आहे. मराठीची सामान्यरूपं यंत्र ओळखेलच असं धरून चालू नये. आणि ‘दुरुस्ती’ तर अख्ख्या कॅप्शनमध्ये नाही.

देशपांडे काका: म्हणजे आता विभक्ती प्रत्यय सोडायचे? जाहिरातीसाठी व्याकरण मोडायचं?

मृणाल: मोडायचं नाही काका. प्रत्यय दुसऱ्या शब्दावर टाकायचा. ‘नागपूर शहरात’, ‘मानेवाडा भागात’. मूळ शब्द शाबूत राहतो, मराठीही शुद्ध. सगळ्या वस्त्यांना हे लागतही नाही. ‘महालात’मध्ये महाल दिसतो, ‘धरमपेठेत’मध्ये धरमपेठ दिसते. आकारान्त नावं बिघडतात: मानेवाडा, खामला, वर्धा.

गंमत म्हणजे हिंदी कीबोर्डवरून कुणी ‘नागपुर’ लिहिलं, तर ते ‘नागपुरात’च्या सुरुवातीशी जुळतं. आपल्या शहरात असं लिहिणारे कमी नाहीत.

सुनंदाकाकू: माझा डब्यांचा व्यवसाय आहे, प्रतापनगरला. ‘सात्त्विक भोजन’ लिहिते मी. पण पोरं ‘मेस’ म्हणतात. मग मी काय सात्त्विक सोडू?

मृणाल: काकू, सात्त्विक राहू द्या, पण ‘डबा’ आणि ‘मेस’ हे दोन्ही शब्द वाक्यात आणा. ‘सात्त्विक भोजन’ हे तुमचं वर्णन झालं. भुकेला मुलगा ते शब्द टाकून शोधत नाही.

वैशाली: मग माझं कसं लिहू?

मृणाल: पहिल्या ओळीपासून काम सांगा. लांब कॅप्शन फीडमध्ये कापलं जातं, मग ‘उन्हाळा आला’ तेवढं दिसतं.

‘कूलर दुरुस्ती, मानेवाडा, नागपूर. घरी येऊन कूलरची घास बदलतो, मोटर आणि पंप दुरुस्त करतो. नागपूर शहरात कुठेही येतो. उन्हाळा आला राजेहो! Cooler repair at home, Manewada, Nagpur.’

रोमन ओळ ठेवाच. पुष्कळ मराठी माणसं शोधताना `cooler repair nagpur` असंच टाइप करतात. पण तीच ओळ पाच वेळा लिहू नका, ते वाचवत नाही. प्रोफाइलच्या नावातही दुकानाच्या नावापुढे ‘कूलर दुरुस्ती नागपूर’ जोडा. नाव १४ दिवसांत दोनदाच बदलता येतं, म्हणून शुद्धलेखन तपासूनच सेव्ह करा. खातं सार्वजनिक आहे ना, तेही पाहा.

रोहित_हिंगणा: मी माझ्या फोनवर शोधलं, तुमचं खातं पहिलंच आलं! म्हणजे जुनंच चालतं की.

मृणाल: तू त्यांना फॉलो करतोस ना? शोधाचे निकाल आपण कुणाला पाहतो, कुणाशी बोलतो यावरही ठरतात. ज्याचा या खात्याशी काही संबंध नाही अशा माणसाच्या फोनवर शोधून पाहा. ‘कूलर’ टाइप करून थांबलं की खाली ज्या सूचना येतात त्याही पाहा, लोकांचे शब्द त्यात कळतात.

देशपांडे काका: ‘घास’ मात्र खटकतं. मराठीत घास तोंडात जातो. वाळा म्हणा.

वैशाली: काका, वाळा वेगळा, महाग. आम्ही लावतो ती लाकडाची घास. गिऱ्हाईक फोनवर ‘घास बदलायची आहे’च म्हणते. काही जण ‘ताट्या’ म्हणतात.

मृणाल: वाळा लावत नसाल तर लिहू नका, नाहीतर वाळा मागणाऱ्यांचे फोन येतील. घास की ताट्या, हे मलाही सांगता येत नाही. एका पोस्टमध्ये हा शब्द, दुसऱ्यात तो, असं करून बघा.

सुनंदाकाकू: आमच्याकडे ताट्याच म्हणतात. आणि वैशाली, एकदा आमच्याही पंपाचं बघून जा गं.